तारेवरचा ताळा : प्रस्तावना

ज्यांनी शाळेत नवाचा ताळा केला आहे, त्यांना सीआरसी निम्मा येतोच. मोठा गुणाकार झाला की प्रत्येक संख्येतल्या अंकांची बेरीज करत करत शेवटी एकच अंक उरवायचा, आणि दोन्ही बाजू जुळतात का ते पाहायचं. तो उरलेला अंक म्हणजे त्या संख्येला नवाने भागल्यावर राहणारी बाकी. ९ उरला तर शून्य धरायचा, एवढंच. संख्या कितीही लांब असो, ताळ्याला एक अंक पुरतो. मात्र या ताळ्याला एक खोड आहे. ५४ च्या जागी चुकून ४५ लिहिलं तरी तो जुळतोच. हिशेबनीस या खोडीचा उलटा उपयोग करत. जमाखर्चातला फरक नवाने भागला गेला, की कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असणार, असा संशय घेऊन ते वही चाळायला बसत.

आता नवाऐवजी ११ ने भागून पाहा. ५४ ची बाकी १० येते, ४५ ची १. अदलाबदल पकडली गेली. पद्धत तीच, फक्त भाजक बदलला. कोणत्या चुका सापडतील आणि कोणत्या निसटतील हे भाजक ठरवतो. या पुस्तकातली सगळी प्रकरणं या एका वाक्याभोवती फिरतात.

पुस्तक आहे तारेवरून एकामागोमाग एक बिट पाठवण्याबद्दल, आणि त्या बिटांच्या शेवटी जोडायच्या दोन बाइटांबद्दल. सीआरसी, म्हणजे सायक्लिक रिडंडन्सी चेक, हा ताळ्याचाच प्रकार आहे. डब्ल्यू. वेस्ली पीटरसन आणि डी. टी. ब्राउन यांनी १९६१ मध्ये ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द आयआरई’मधल्या लेखात त्याची मांडणी केली. मी उदाहरणासाठी मॉडबस आरटीयू घेतलं आहे. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आपल्या पीएलसींसाठी मॉडबस काढलं, आणि वीजमापक, पंपांचे ड्राइव्ह, तापमान नियंत्रक यांच्यात ते आजही ठाण मांडून आहे. त्याची फ्रेम छोटी असते, त्यामुळे सगळं गणित कागदावर करून बघता येतं.

एका वीजमापकाकडून आलेलं हे उत्तर पाहा:

```
01 03 02 00 E6 39 CE
```

पहिला बाइट मापकाचा पत्ता. `03` म्हणजे रजिस्टर वाचण्याची आज्ञा, `02` म्हणजे पुढे माहितीचे दोन बाइट आहेत. `00 E6` म्हणजे २३०. मापक पूर्ण व्होल्टमध्ये आकडा पाठवतो असं धरू. शेवटचे `39 CE` म्हणजे सीआरसी.

वाटेत `E6` मधला एक बिट उलटला आणि तिथे `E4` आलं, तर वाचन २२८ होईल. कुणालाही संशय येणार नाही. माझ्या मते वाईट चूक ती हीच. ९,००० व्होल्ट दिसले तर माणूस तार तपासायला उठतो. २२८ दिसले तर तो ते निमूट नोंदवून ठेवतो.

शेवटी नुसती बेरीज जोडली तर एका बिटाची ही चूक सापडेल. पण दोन बाइटांमधले एकाच जागेचे बिट परस्परविरुद्ध उलटले, म्हणजे `00 E6` चं `02 E4` झालं, तर बेरीज पूर्वीइतकीच राहते. बेरजेऐवजी एक्सऑर केला तरी उत्तर तेच. वाचन मात्र २३० वरून ७४० वर जातं. प्रत्येक बाइटला पॅरिटी लावली असती तर ही चूक पकडली गेली असती, हे कबूल. पण त्याच पॅरिटीला एका बाइटातले दोन बिट उलटलेले कळत नाहीत. प्रत्येक ताळ्याला आपली अशी एक आंधळी बाजू असते.

सीआरसीतला भागाकार नेहमीचाच, फक्त त्यात हातचा नसतो. एकात एक मिळवला की शून्य, शून्यातून एक वजा केला तरी एक. बेरीज आणि वजाबाकी दोन्ही एक्सऑरच. छोटं उदाहरण घेऊ. माहिती `1101`, भाजक `1011`. भाजक चार बिटांचा, म्हणून बाकी तीन बिटांची. माहितीपुढे तीन शून्यं ठेवायची आणि भागायला बसायचं:

```
1101000
1011
 1100
 1011
  1110
  1011
   1010
   1011
    001
```

बाकी `001`. त्या तीन शून्यांच्या जागी ती बसवली की पाठवायचे बिट होतात `1101001`. घेणाऱ्याने आलेल्या सातही बिटांना त्याच `1011` ने भागायचं. काही बिघडलं नसेल तर बाकी शून्य. उरलेलं सगळं पुस्तक याच भागाकाराचा विस्तार आहे, तेव्हा एकदा पेन्सिल घेऊन तो करावा.

मॉडबसचा भाजक सतरा बिटांचा आहे: `x^16 + x^15 + x^2 + 1`. वरचा बिट नेहमी १ असतोच, तो लिहीत नाहीत, उरतं `8005`. पण प्रोग्राममध्ये दिसतं `A001`, म्हणजे तेच बिट उलट्या क्रमाने. नवशिक्यांना इथे ठेच लागते. ही उलटापालट का, त्याकडे मी थोड्याच वेळात येतो.

```c
uint16_t crc = 0xFFFF;
for (int i = 0; i < n; i++) {
    crc ^= data[i];
    for (int k = 0; k < 8; k++)
        crc = (crc & 1) ? (crc >> 1) ^ 0xA001
                        : crc >> 1;
}
```

सुरुवात शून्याने न करता `FFFF` ने का? शून्याने सुरुवात केली तर पुढे आलेली शून्यं कितीही असोत, बाकी शून्यच राहते. तार शून्यावर अडकली आणि घेणाऱ्याला नुसती शून्यं मिळाली, तर ती फ्रेम ‘बरोबर’ ठरेल. `FFFF` ने ही पळवाट बंद होते.

पहिला बाइट `01` हाताने चालवून पाहू. `FFFF` शी एक्सऑर केल्यावर `FFFE`. शेवटचा बिट शून्य, म्हणून नुसतं सरकवायचं: `7FFF`. आता शेवटचा बिट एक, म्हणून सरकवून `A001` शी एक्सऑर: `9FFE`. पुढे याच रीतीने `4FFF`, `87FE`, `43FF`, `81FE`, `40FF`, आणि आठव्या फेरीत `807E`. पाचही बाइट असे चालवले की बाकी येते `CE39`. तारेवर आधी `39` जातो, मग `CE`.

आता बिघडलेली फ्रेम, `E6` च्या जागी `E4` असलेली. तिची बाकी येते `0FB8`. `CE39` आणि `0FB8` यांचा एक्सऑर केला तर `C181` मिळतो. या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट इथे आहे. व्होल्टेज २३० असो की ४१५, मापकाचा पत्ता काहीही असो, माहितीच्या शेवटच्या बाइटातला तोच बिट उलटला तर फरक `C181` च येणार. हातचा नसल्यामुळे मूळ माहिती आणि तिच्यात घुसलेली चूक यांचे भागाकार एकमेकांत मिसळत नाहीत. चूक सापडणार की नाही हे चुकीच्या आकारावर ठरतं. तारेवरून काय चाललं होतं याचा त्याच्याशी संबंध नाही. जी चूक भाजकाने निःशेष भागली जाते ती निसटते, बाकीच्या सगळ्या सापडतात.

म्हणूनच इथे ‘बहुधा सापडेल’ असं न म्हणता ठाम विधानं करता येतात. मॉडबसच्या भाजकाचे दोन अवयव पडतात: `(x + 1)` आणि `(x^15 + x + 1)`. पहिल्याच्या कुठल्याही पटीत एकांची संख्या समच असते, त्यामुळे विषम संख्येने उलटलेले बिट या जाळ्यातून कधीच सुटत नाहीत. दुसऱ्या अवयवामुळे दोन बिटांची चूकही, त्यांच्यातलं अंतर ३२,७६७ बिटांपेक्षा कमी असेल तोवर, निसटू शकत नाही. मॉडबसची सर्वांत मोठी फ्रेम २५६ बाइटांची, म्हणजे २,०४८ बिटांची. मर्यादेच्या बरीच आत. तेव्हा एक, दोन किंवा तीन बिट बिघडले तर ते हमखास पकडले जातात. शिवाय सलग सोळा बिटांच्या टापूत कितीही गोंधळ झाला तरी तो सापडतो, कारण सतरा बिटांच्या भाजकाची कुठलीही पट त्याहून आखूड असू शकत नाही.

मग निसटतं काय? सर्वांत आखूड निसटणारी चूक म्हणजे भाजक स्वतःच. तारेवरच्या क्रमाने तो तीन बाइटांत मांडला की `03 40 01` असा दिसतो. एकूण चार बिट. ते आपल्या फ्रेममधल्या `00 E6 39` या तीन बाइटांवर एक्सऑर करा:

```
01 03 02 03 A6 38 CE
```

हिचा सीआरसी काढून पाहा, `CE38` येतो. म्हणजे फ्रेम निर्दोष ठरते. आणि वाचन आहे `03A6`, म्हणजे ९३४ व्होल्ट. घरगुती मापकावर ९३४ येणं अशक्य, म्हणून आलेला आकडा शक्य कोटीतला आहे का हे प्रोग्राममध्ये वेगळं तपासावं लागतं. सीआरसी ते काम करत नाही.

एक मर्यादा पुष्कळदा विसरली जाते. ही सगळी हमी घेणाऱ्याच्या हाती आलेल्या बाइटांबद्दल आहे. तारेवर प्रत्येक बाइटाआधी स्टार्ट बिट असतो, नंतर स्टॉप बिट. ते सीआरसीत धरले जात नाहीत. स्टार्ट बिटावरच घाव बसला तर घेणारा पुढचे बिट चुकीच्या जागेपासून मोजू लागतो, आणि तारेवर एकच बिट बिघडला असला तरी हाती पाच-सहा बाइटांचा चिवडा येतो. अशा चिवड्याला ठाम हमी लागू नाही. तो निसटण्याची शक्यता साधारण ६५,५३६ त एक. आकडा दिलासा देणारा वाटतो. पण दर सेकंदाला एक चिवडा येत असेल तर दिवसाला ८६,४०० होतात, म्हणजे रोज एखादी खोटी फ्रेम आत शिरणार. सीआरसीच्या चुका सतत मोजत राहायच्या त्या यासाठी.

आता ती उलटापालट. यूआर्ट बाइट पाठवताना सर्वांत खालचा बिट आधी पाठवतं. सलग सोळा बिटांची हमी ‘सलग’ या शब्दावर उभी आहे, आणि सलग म्हणजे तारेवर सलग. मोटार सुरू झाल्याची ठिणगी तारेवरच्या शेजारशेजारच्या बिटांना बिघडवते. तुमच्या मेमरीत ते कुठे जाऊन बसणार आहेत याची तिला खबर नसते. म्हणून भागाकारही तारेच्याच क्रमाने, खालच्या बिटापासून करायचा, आणि त्यासाठी `8005` उलटा करून `A001`. सीआरसीचा खालचा बाइट आधी पाठवतात तोही याच कारणाने: उलट्या रजिस्टरात बाकीचे मोठ्या घाताचे बिट खालच्या बाजूला असतात. मॉडबसमध्ये बाकी सगळे दोन-बाइटी आकडे वरचा बाइट आधी पाठवतात, फक्त सीआरसी उलटा, आणि वर्षानुवर्षं काम करणारी माणसंही याला ‘मॉडबसचा विक्षिप्तपणा’ म्हणतात. विक्षिप्तपणा बिलकुल नाही. या क्रमाने पाठवलं की घेणाऱ्याला सीआरसी वेगळा काढून ताडून पाहावा लागत नाही. सातही बाइट त्याच चक्रातून फिरवले की शेवटी `0000` उरतो. रजिस्टरात `CE39` असताना `39` आला की खालचा भाग कटतो, मग `CE` आला की वरचा. क्रम उलटा केलात तर शून्य काही उरणार नाही.

नावांचा घोळ हे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. ‘सीआरसी-१६’ म्हटलं की कोणता, हे विचारल्याशिवाय एक ओळही लिहू नये. भाजक, सुरुवातीचं मूल्य, बिटांचा क्रम आणि शेवटी करायचा एक्सऑर, एवढं सगळं ठरलं तर सीआरसी ठरला. रॉस विल्यम्स यांनी १९९३ मध्ये हे सगळे घटक नावं देऊन एका साच्यात मांडले, तेव्हापासून बोलणं सोपं झालं. पडताळ्यासाठी `123456789` हे नऊ अक्षरांचे बाइट सीआरसीतून काढायचा प्रघात आहे. मॉडबसचा असेल तर `4B37` येतो. `BB3D` आला तर सुरुवात शून्यापासून झाली आहे. `29B1` किंवा `31C3` आला तर भाजकच दुसरा, `1021`. समोरच्याचा कोड वाचत बसण्यापेक्षा हे नऊ बाइट पाठवून उत्तर मागवणं केव्हाही बरं.

आणि चूक सापडल्यावर? मॉडबसमध्ये सीआरसी जुळला नाही तर मापक गप्प बसतो. ‘मला कळलं नाही’ असंही म्हणत नाही, कारण पत्त्याचाच बाइट बिघडलेला असू शकतो. न जाणो, प्रश्न दुसऱ्यालाच विचारलेला असेल. विचारणाऱ्याला फक्त उत्तर न येता वेळ संपल्याचं दिसतं. तुटलेली तार, बंद पडलेला मापक आणि बिघडलेला प्रश्न, तिन्ही पडद्यावर सारखेच. ज्या उपकरणात `08` ही निदानाची आज्ञा आणि तिची `0C` ही उपआज्ञा असते, त्याला ‘तुझ्याकडे किती बिघडलेल्या फ्रेम आल्या’ असं विचारता येतं. स्वस्त मापकांत बहुधा ती सोय नसते. तेव्हा आलेले कच्चे बाइट जसेच्या तसे छापून पाहणं हा शेवटचा उपाय. मी तर म्हणेन, पहिलाच.

हे मी माझ्याच चुकीतून शिकलो. एका कारखान्यात आमचं छोटं उपकरण बसवलं होतं, आरएस-४८५ च्या दोन तारांवर. ते १९,२०० बॉडवर चाचणीत ठणठणीत चाललं. कारखान्यातले जुने मापक ९,६०० चे, म्हणून तिथे वेग बदलला, आणि पडद्यावर सीआरसीच्या चुकांचा पाऊस. गंमत म्हणजे साधारण दर सोळावी फ्रेम मात्र नीट यायची. तारा लांब आहेत, शेजारून मोटारींच्या केबल गेल्या आहेत, असं म्हणत आम्ही दोन दिवस शील्ड आणि अर्थिंग तपासण्यात घालवले. कुणीतरी सुचवलं, सीआरसी तपासणंच बंद करू, आकडे तर बरोबर दिसताहेत.

आकडे खरोखरच बरोबर होते! तिसऱ्या दिवशी कच्चे बाइट कागदावर उतरवले तेव्हा दिसलं की प्रत्येक फ्रेममध्ये फक्त शेवटचाच बाइट चुकलेला आहे. `CE` च्या जागी `FE`. `5A` च्या जागी `FA`. खालचा अर्धा भाग नेहमी बरोबर, वरचा अर्धा नेहमी `F`. गोंगाट असा शिस्तीत येत नसतो.

आरएस-४८५ मध्ये बोलून झालं की तार सोडून द्यावी लागते. शेवटचा बाइट यूआर्टकडे सोपवल्यावर किती वेळ थांबून तार सोडायची, तो वेळ मी कोडमध्ये ठोकून दिला होता: ०.५२ मिलिसेकंद. १९,२०० बॉडला एक बाइट, म्हणजे दहा बिट, जायला तेवढाच वेळ लागतो. ९,६०० ला तेवढ्या वेळात पाचच बिट जातात, एक स्टार्ट बिट आणि माहितीचे चार. खालचे चार, कारण खालचा बिट आधी. मग आमचं उपकरण तार सोडून मोकळं व्हायचं. सुटलेली तार रोधांमुळे १ वर जाऊन बसायची आणि उरलेले चार बिट एक-एक-एक-एक असे वाचले जायचे. सीआरसीच्या वरच्या बाइटाचा वरचा अर्धा भाग योगायोगाने `F` असेल तेव्हाच फ्रेम जुळायची, सोळांत एकदा. सीआरसी आपलं काम चोख करत होता, आणि आम्ही त्यालाच गप्प करायला निघालो होतो.

यूआर्टला ‘बफर रिकामा झाला’ आणि ‘शेवटचा बिटसुद्धा बाहेर गेला’ असे दोन वेगळे इशारे असतात. ठोकून दिलेला वेळ काढून मी दुसऱ्या इशाऱ्याची वाट पाहू लागलो, आणि चुका थांबल्या. अगदी सगळ्या नाही. दिवसाला तीन-चार उरल्या, आणि त्यांच्या वेळा नोंदवल्या तेव्हा त्या मोठा पंप सुरू होण्याच्या क्षणाशी जुळल्या. त्यांतले बाइट कुठल्याच शिस्तीत नव्हते. तो खरा गोंगाट होता. त्याचं काय करायचं ते पाचव्या प्रकरणात आहे. पहिलं प्रकरण मात्र `1101` च्या भागाकारापासूनच सुरू होतं.